हीटर अर्धा बिघडत नाही

वॉशिंग मशिनचा पंप बंद पडला तर पाणी आत साचून राहतं. मोटर गेली तर ड्रम फिरत नाही. दाराचं लॉक बिघडलं तर मशिन सुरूच होत नाही. हीटर मात्र गेला, तरी बऱ्याच मशिन काहीही न बोलता धुण्याचं काम पुरं करतात. पाणी भरलं जातं, ड्रम फिरतो, कपडे पिळून निघतात आणि शेवटी काम झाल्याची धून वाजते. फक्त ६० अंशांवर धुवायला लावलेल्या चादरी नळाच्याच पाण्यात धुतल्या गेलेल्या असतात. धुण्याच्या वेळी दार बंद, काच जाड आणि हात घालायला जागा नाही, म्हणून हे लक्षात यायला कित्येक महिने लागतात. आधी कॉलरचा मळ निघेनासा होतो, टॉवेलना कुबट वास येऊ लागतो, आणि दोष पावडरीला दिला जातो.

आपल्याकडे त्यात हवामानाची भर पडते. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी आपणहूनच कोमट असतं. तेव्हा ४० अंशांचा प्रोग्रॅम लावला तर हीटरला मिनिटभराचं काम उरतं, आणि तो मेलेला असला तरी काही फरक जाणवत नाही. मग डिसेंबरात तक्रार येते की ‘यंदा मशिन पाणी कमी गरम करतंय’. या वाक्यातल्या ‘कमी’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण निदानाची पहिली वाट तिथेच फुटते.

हीटर काय असतो ते आधी पाहू. फ्रंट लोड मशिनमध्ये कपड्यांचा भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम दिसतो. त्याच्याभोवती, आपल्याला न दिसणारा, पाणी धरून ठेवणारा मोठा टब असतो. दोन्हींच्या मधल्या फटीत, अगदी तळाशी, हीटर आडवा बसवलेला असतो. दिसायला तो बादलीत सोडायच्या रॉडच्याच जातीचा, फक्त चपटा वळवलेला. बाहेरून स्टीलची नळी, नळीच्या मधोमध निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची बारीक गुंडाळलेली तार, आणि तार व नळी यांच्यामध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. म्हणूनच पाण्यात बुडालेल्या नळीला वीज लागत नाही आणि आतली तार मात्र तापत राहते.

साधारण घरगुती मशिनचा हीटर १८०० ते २००० वॅटचा असतो. मुख्य धुण्याच्या वेळी मशिन १५ लिटर पाणी घेतं असं धरू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायचं तर १५ गुणिले ३५ गुणिले ४.२, म्हणजे अंदाजे २२०० किलोज्यूल. विजेच्या हिशेबात हे ०.६ युनिटच्या आसपास होतं. २००० वॅटच्या हीटरला त्यासाठी अठरा मिनिटं लागतात. कपडे, ड्रम आणि टबही सोबत तापतात, म्हणून प्रत्यक्षात पंचवीसेक मिनिटं धरावीत. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो दोनदा कामी येणार आहे.

आता त्या ‘कमी’कडे वळू. हीटरमध्ये बहुतेक वेळा एकच सलग तार असते. ती अखंड असेल तर हीटर पूर्ण ताकदीने तापतो आणि तुटली तर अजिबात तापत नाही. नायक्रोमचा विद्युतरोध तापमानाने फारसा बदलत नाही, त्यामुळे जुना झाला म्हणून २००० वॅटचा हीटर १२०० वॅटचा होत नाही. हीटरवर क्षारांचा थर बसला की पाणी हळूहळू कमी तापतं, ही समजूतही इथे लागू पडत नाही. हीटर सगळ्या बाजूंनी पाण्यात असतो, तारेत तयार झालेल्या उष्णतेला पाण्याखेरीज दुसरीकडे जायला जागा नसते. थर बसला तर उष्णता थराच्या पलीकडे ढकलण्यासाठी तार अधिक तापते, पण पोचते ती तेवढीच. वॅट तेच, बिल तेच, पाणी तेवढंच गरम. हानी होते ती तारेची, आणि ती तार तुटेपर्यंत बाहेर कळत नाही. तेव्हा ‘पाणी अजिबात गरम होत नाही’ आणि ‘पाणी कोमटच राहतं’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. हीटरची शंका पहिल्या दुखण्यात घ्यावी. दुसऱ्यात बहुतेक वेळा हीटर निर्दोष असतो.

पण त्याही आधी तक्रार खरी आहे का हे पाहावं लागतं. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश असतं, त्यामुळे ४० अंशांचं पाणी हाताला गरम लागतच नाही, कोमट लागतं. हीटर फक्त मुख्य धुण्यात चालतो. नंतरच्या खळबळण्याचं पाणी थंडच असतं, म्हणून शेवटी कपडे गार निघाले यावरून काहीच सिद्ध होत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या झटपट प्रोग्रॅममध्ये पाणी फार तापवायला वेळच नसतो. शिवाय सेमी-ऑटोमॅटिक मशिनमध्ये आणि बऱ्याच टॉप लोड मशिनमध्ये हीटर नसतोच. काही टॉप लोड मशिनवर ‘हॉट’चं बटण असतं, पण ते गिझरच्या नळीची झडप उघडण्यापुरतं. गरम पाण्याची जोडणी केलेली नसेल तर ते बटण दाबून पाणी कधीच गरम होणार नाही. मशिनच्या पाठीमागच्या पट्टीवर हीटरचे वॅट वेगळे छापले आहेत का किंवा एकूण वॅट दोन हजारांच्या घरात आहेत का, एवढं पाहिलं की शंका मिटते.

हीटर चालतो की नाही हे मशिन न उघडता, एक रुपयाही खर्च न करता पाहता येतं. त्यासाठी लागतो तो घराचा विजेचा मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ, एक युनिट वीज वापरली गेली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. फ्रिज, पंखे, गिझर, इन्व्हर्टर सगळं बंद करायचं. मशिनमध्ये कपडे घालून सुती कपड्यांचा ६० अंशांचा प्रोग्रॅम लावायचा, आधी भिजवण्याचा पर्याय न घेता. पाणी भरून ड्रम फिरू लागला की दहा मिनिटं थांबायचं आणि मग मीटरचा दिवा मिनिटभर मोजायचा. २००० वॅटचा हीटर चालू असेल तर मिनिटाला शंभरच्या वर लुकलुक होते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. नुसती मोटर फिरत असेल तर मिनिटाला दहा-पंधरा. दोन्हींत इतकं अंतर आहे की चूक व्हायला वाव नाही. मीटरवर 1600 छापलं असेल तर आकडे निम्मे धरायचे. सोसायटीत मीटर तळमजल्यावर असतात, तेव्हा एकाने खाली जायचं आणि एकाने वर मशिनपाशी थांबायचं. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत आणखी एक-दोनदा मोजावं, कारण काही मशिन सुरुवातीला थोडा वेळ कपडे नुसतेच भिजवतात.

मोजणीत वेग दिसला, तर हीटर जिवंत आहे आणि शोध दुसऱ्या वाटेने करायचा. वेग दिसलाच नाही, तर एकतर हीटर मेला आहे किंवा त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही.

हीटर मरतो कसा? आपल्याकडे मुख्य कारण म्हणजे बोअरचं आणि टँकरचं जड पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. बोअरचं पाणी यातला बराच पल्ला गाठतं, कधी ओलांडतंही. या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं न विरघळणारं कार्बोनेट होतं. ते सर्वांत आधी जिथे पाणी सर्वांत जास्त तापतं तिथेच, म्हणजे हीटरच्या नळीवर, चिकटतं. वर साबणाचा चिकटा आणि कपड्यांचे धागे बसत जातात. थर जाड झाला की आतल्या तारेचं तापमान चढत जातं, आणि एखाद्या दिवशी तार सर्वांत तापलेल्या जागी तुटते. काही हीटरच्या पायात एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो. तो उडाला तरी परिणाम तोच, हीटर कायमचा बंद.

दुसरा मृत्यू थोडा गाजावाजा करून येतो. नळी गंजून किंवा तडकून तिच्यात केसाएवढी चीर पडते, पाणी आतल्या पुडीत शिरतं आणि ओली पूड वीज अडवू शकत नाही. वीज नळीतून अर्थिंगकडे गळू लागते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो पडतो. लक्षण ओळखीचं आहे. मशिन लावल्या लावल्या काही होत नाही, पाणी भरून पाच-दहा मिनिटं झाली की सगळ्या घराची वीज जाते. थंड पाण्याच्या प्रोग्रॅमवर मात्र मशिन सहसा नीट चालतं. अशा वेळी आरसीसीबी ‘फार नाजूक आहे’ म्हणून काढून टाकणारे वायरमन आहेत. त्यांचं ऐकू नये. आरसीसीबी नसेल आणि अर्थिंगही तुटलेलं असेल, तर तीच गळती मशिनच्या पत्र्यावर येते आणि ओल्या मोरीत उभ्या असलेल्या माणसाला झटका बसतो.

आता वीजच पोचत नाही अशी बाजू पाहू. हीटर आपल्या मर्जीने लागत नाही, मशिनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या हुकुमाने लागतो. पाणी ठरावीक पातळीवर आलं आहे का, हे पातळीचा सेन्सर सांगतो. पाणी किती तापलं आहे, हे तापमानाचा सेन्सर सांगतो. दोन्ही उत्तरं पटली की बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेने उघड-मीट होणारा छोटा स्विच, हीटरकडे वीज सोडतो. ही वीज जवळजवळ नऊ अँपिअर असते. हीटरच्या टोकांवर बसणारी चपटी क्लिप थोडी सैल झाली तरी एवढ्या प्रवाहाने ती तापते, काळी पडते आणि जळते. रिलेचे आतले पत्रे झिजतात, किंवा त्याच्या पायांचं डाखकाम वर्षानुवर्षं तापून-निवून तडकतं. हीटर धडधाकट, पण वाट तुटलेली. तापमानाचा सेन्सर पुरताच तुटला तर बोर्डाला अशक्य आकडा दिसतो, तो हीटर लावतच नाही आणि पडद्यावर चूक दाखवतो. काही लोकप्रिय मशिनवर हीटरच्या बिघाडाला HE आणि सेन्सरच्या बिघाडाला tE असं उमटतं. आपल्या मशिनची खूण पुस्तिकेतच पाहावी, कारण प्रत्येक कंपनीची खूणगाठ वेगळी असते.

यातून निदान कसं होतं, ते एका घराच्या उदाहरणाने पाहू. समजा पुण्याच्या वेशीवरच्या एका सोसायटीत साडेसहा किलोचं फ्रंट लोड मशिन आहे, पाणी बोअरचं, वय सात वर्षं. ६० अंशांवर मीटरचा दिवा मिनिटाला बाराच वेळा लुकलुकला. मेकॅनिक आला, ‘बोअरचं पाणी ना, मग कॉइलच गेली’ म्हणाला आणि नवा हीटर बसवून गेला. पाणी थंडच. दुसरा मेकॅनिक आला. त्याने प्लग काढून आधी तो काढलेला जुना हीटर मागितला आणि मल्टीमीटरने मोजला: २७ ओहम. २३० व्होल्टवर २००० वॅट देणाऱ्या हीटरचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास यायला हवा, १८०० वॅटचा असेल तर एकोणतीस. तार तुटलेली असती तर मीटरने काहीच वाट दाखवली नसती. टोक आणि नळी यांच्यामध्येही गळती दिसली नाही. म्हणजे पांढऱ्या थराने माखलेला, दिसायला भयाण असलेला तो हीटर ठणठणीत होता. मग त्याने क्लिपा पाहिल्या, त्या स्वच्छ आणि घट्ट होत्या. तापमानाच्या सेन्सरचा रोध काही हजार ओहम आला आणि हातात धरून ऊब दिल्यावर उतरू लागला, म्हणजे तोही जिवंत. उरला बोर्ड. तो काढून भिंगाखाली धरल्यावर रिलेच्या एका पायाभोवती डाखाला बारीक गोल तडा दिसला. तो पाय पुन्हा डाखला, मशिन जोडलं, आणि पुढच्या धुण्यात मीटरचा दिवा मिनिटाला शंभराच्या पुढे गेला.

या उदाहरणात साधा मल्टीमीटर एका जागी तोकडा पडू शकला असता. तो दोन-चार व्होल्टवर मोजतो, म्हणून ओल्या पुडीतली गळती त्याला कधी कधी दिसत नाही. आरसीसीबी पडत असेल तर ५०० व्होल्टवर तपासणारा मेगर वापरणारा माणूस बोलवावा. आणि मशिन उघडायचं झालं तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढावाच लागतो.

आता दुसरं दुखणं. मीटरचा दिवा धावतो आहे, तरीही पाणी कोमटच. एक कारण कमी व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्टच येत असतील, तर २००० वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटवर येतो आणि आपल्या हिशेबातली अठरा मिनिटं तीस होतात. काही मशिन पाणी तापेपर्यंत वाट पाहतात, काही ठरलेली वेळ संपली की पुढे जातात. दुसऱ्या जातीच्या मशिनमध्ये पाणी अर्धवट तापलेलंच राहतं. अशा गावात पहाटे किंवा दुपारी धुणं लावून पाहावं. दुसरं कारण तापमानाचा सेन्सर. तो पुरता न तुटता भलतंच सांगू लागला आणि ३५ अंशांनाच ६० म्हणाला, तर बोर्ड हीटर लवकर बंद करतो.

तिसरं कारण सर्वांत स्वस्त आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. मशिनची सांडपाण्याची नळी साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर अडकवलेली असावी लागते. बऱ्याच घरांत ती मोरीच्या जमिनीवर सोडून दिलेली असते. मग पंप बंद असतानाही पाणी आपल्याच भाराने वाहून जातं. मशिनला पातळी घटलेली दिसते, ते पुन्हा थंड पाणी घेतं. हीटर तापवतो, ते पाणी मोरीत जातं, नवं थंड येतं. वीज भरपूर खर्च होते आणि पाणी कधीच गरम होत नाही. धुणं चालू असताना मोरीत एकसारखं पाणी वाहताना दिसलं, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी नळी उचलून भिंतीवरच्या आकड्याला अडकवावी.

हीटर खरोखरच बदलायचा असेल तर दोन जागी लक्ष ठेवावं. काही मशिनमध्ये तो मागच्या पत्र्याआडून निघतो, काहींत पुढून. रबराच्या जाड गॅस्केटमध्ये तो दाबून बसतो आणि मधला नट आवळला की रबर फुगून पाणी अडवतं. पण आत टबाच्या तळाशी एक पट्टी असते, हीटरचं पुढचं टोक तिच्याखाली सरकवावं लागतं. ते वरच राहिलं तर हीटर उचलला जातो, ड्रमला घासतो आणि नवा हीटर थोड्याच दिवसांत जातो. बदलल्यावर ड्रम हाताने फिरवून खरखर होते का ते ऐकावं. दुसरी जागा भिंतीवरची. नऊ अँपिअर ओढणारं मशिन कन्व्हर्जन प्लग लावून छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचलेलं असेल, तर प्लग वितळलेला सापडणं नवलाचं नाही. १६ अँपिअरचं सॉकेट आणि चालू अर्थिंग ही या यंत्राची साधी गरज आहे.

जड पाण्याच्या गावात थर पूर्णपणे टाळता येत नाही, पण कमी ठेवता येतो. ६० अंशांच्या वर थर झपाट्याने बसतो, म्हणून ९० अंशांचा प्रोग्रॅम रोजच्या कपड्यांना वापरू नये. दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये शंभरेक ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, टाकून ६० अंशांवर मशिन चालवलं की ताजा थर विरघळतो. त्यासोबत ब्लीच कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. आणि हे आम्ल दर आठवड्याला वापरू नये, कारण ड्रमला मागून धरणारा आधार पुष्कळ मशिनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि आम्ल त्यालाही खातं. हीटर मेलेला असेल तर मात्र हा उपाय जवळजवळ वाया जातो, कारण थंड पाण्यात लिंबूसत्त्वाचं काम फार मंद चालतं.

म्हणून मेकॅनिक घरी येण्याआधी मीटरची लुकलुक मोजून कागदावर लिहून ठेवावी. हीटर बदलायचं ठरलं तर जुना हीटर आपल्यासमोर मोजायला सांगावा आणि आकडा विचारावा. मल्टीमीटरवर पंचवीस ते तीसच्या मधला आकडा आला, टोकांकडून नळीकडे गळती नसली आणि आरसीसीबीही पडत नसला, तर हीटरचे पैसे देऊ नयेत. बिघाड क्लिपेत, सेन्सरमध्ये किंवा बोर्डावर शोधायला सांगावं.